इन्सुलिनच्या पत्रकात कशावर भर द्यावा?

प्रश्न: मी ठाण्यात नर्सिंग शिकते. सरावासाठी इन्सुलिन टोचण्याच्या पद्धतीवर रुग्णांना समजेल असे एक पानी पत्रक लिहायचे आहे. कशावर भर देऊ?

उत्तर: बाटली आणि सिरिंज यांची जोडी जुळवण्यावर भर द्यावा, कारण सुई नीट टोचूनही डोस चुकतो तो बहुधा इथेच. आपल्याकडे एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट असलेल्या बाटल्या सर्रास मिळतात आणि १०० युनिटच्याही मिळतात. ४० च्या सिरिंजचे टोपण लाल, तर १०० च्या सिरिंजचे नारिंगी असते.

समजा, कळव्यातील एका आजींना २० युनिट घ्यायचे आहेत, बाटली ४० ची आहे आणि नातवाने १०० ची सिरिंज आणली. तिच्या २० च्या खुणेपर्यंत ०.२ मिलिलिटर औषध येते, म्हणजे आजींना केवळ ८ युनिट मिळतात, साखर उतरत नाही आणि दोष पथ्याला दिला जातो. उलट घोटाळ्यात, म्हणजे १०० ची बाटली आणि ४० ची सिरिंज असेल तर, त्याच खुणेवर ५० युनिट जातात. घाम, थरथर आणि पुढे शुद्ध हरपणे, असा हा धोका आहे.

पत्रकात एवढेच लिहा: "बाटलीवर ४० असेल तर सिरिंजवरही ४० च वाचा." टोपणाच्या रंगावर विसंबू नका, कारण ते काढून ठेवले की अदलाबदल होते.

बाकी थोडक्यात पुरे: बेंबीपासून दोन बोटे दूर टोचावे, जागा रोज बदलावी आणि जिथे गाठ लागते तिथे टोचू नये, कारण तिथून औषध कमीजास्त शोषले जाते.