बरोबरच्या खुणांखाली दडलेली लॉगची चूक

“आमची मुलगी पीयूसीच्या पहिल्या वर्षाला आहे. लॉगच्या वर्कशीटवर सगळीकडे बरोबरच्या खुणा आहेत, पण चाचणीत तसलीच गणिते चुकतात. परीक्षेची भीती बसली असेल का?” — खानापूर तालुक्यातील एक पालक

आपण पाठवलेला वर्कशीटचा फोटो मोठा करून पाहताना मी उत्तरे सोडून त्यांच्या वरच्या ओळी वाचल्या, आणि भीतीची शंका तिथेच मागे पडली. सर्व लॉग दहा पायाचे होते. एका गणितात log 10000 / log 100 दिले होते. मुलीने त्याचे log 10000 − log 100 केले आणि 4 − 2 = 2 असे उत्तर काढले. भागाकाराचा नियम log (10000/100) साठी आहे. इथे मात्र दोन लॉगांच्या किमतींचाच भागाकार करायचा होता. योगायोगाने 4 ÷ 2 हेही 2 च येते, म्हणून चुकीच्या पायरीवर बरोबरची खूण पडली.

खालच्या गणितात (log 100)² चे तिने 2 log 100 केले होते. घाताचा नियम लॉगच्या आतल्या घाताला लागतो, संपूर्ण लॉगच्या वर्गाला नाही. पण दोन्ही रीतींनी उत्तर 4 येते. फोटोत कंस पुसट असल्यामुळे गणित log 100² असेल, असेही मला आधी वाटले. गंमत म्हणजे त्याचेही उत्तर 4 च. अशा वेळी छापील प्रश्नाचा स्वतंत्र फोटो मागवावा लागतो.

मुलगी बेळगावला भेटायला आली तेव्हा मी फक्त आकडे बदलले. log 1000 / log 10 चे तिने वजाबाकी करून 2 काढले, खरे उत्तर 3 आहे. (log 1000)² चे 6 काढले, खरे उत्तर 9 आहे. “सर, भागाकार दिसला की वजाबाकी करायची, असंच मी पाठ केलंय,” ती म्हणाली. नियम तिला तोंडपाठ होते. चिन्ह लॉगच्या आत आहे की बाहेर, एवढेच ती पाहत नव्हती. म्हणून सोडवण्याआधी लॉगच्या आत जे काही आहे त्याभोवती पेन्सिलीने गोल काढायला मी सांगितले. भागाकाराची रेघ किंवा घात गोलात असेल, तरच नियम वापरायचा.

या सवयीने ती दोन्ही ठिकाणी लवकर सावरली. बेरजेला मात्र वेळ लागला, कारण गुणाकाराचा नियम उलटा लावून ती log (2 + 3) चे log 2 + log 3 करत होती. त्या बेरजेची किंमत 0.3010 + 0.4771 = 0.7781 येते, आणि ती log 6 ची आहे; log 5 तर 0.6990 आहे. गोलात बेरीज असेल, तर ती फोडणारा नियमच नाही, हे तिला या आकड्यांवरून पटले.

पुढच्या वर्कशीटचा फोटो पाठवताना आपण कच्च्या कामाचे पानही जोडावे, आणि 100 सारखी संख्या असलेल्या गणितावरील खूण 1000 घालून एकदा पडताळावी.