ले-ऑफच्या पत्रातली कोणती तारीख धरायची?

“दादा, मी नाशिक रोडचा. पुढच्या महिन्यात एच-वन-बीवर अमेरिकेला निघतोय. तिकडे आमच्या टीममधल्या एकाला ले-ऑफचं पत्र आलं. त्यात लास्ट वर्किंग डे वेगळा, टर्मिनेशन डेट वेगळी, शिवाय नोटीस पे आणि सेव्हरन्स, म्हणजे काढताना कंपनी वेगळी देते ती रक्कम. नोकरी गेल्यावर अमेरिकेत राहायला व्हिसाचे जे ६० दिवस मिळतात, ते नक्की कधीपासून मोजायचे?”

टर्मिनेशन डेटच्या दुसऱ्या दिवसापासून. पण पत्रात ती तारीख कशी ठरवलीय हे बघावं लागतं, कारण नोटिशीचे पैसे दोन तऱ्हांनी देतात आणि खरी मेख तिथेच आहे.

अंबड-सातपूरच्या कंपन्यांत दोन-तीन महिन्यांच्या नोटिशीची आपल्याला सवय असते. इथे अमेरिकेत तसं काही गृहीत धरू नकोस. करारात वेगळं काही नसेल तर आज सांगून आजच घरी पाठवता येतं. १०० किंवा जास्त कर्मचाऱ्यांची कंपनी एका ठिकाणी मोठी कपात करत असेल, तरच वॉर्न कायद्याने साधारणपणे ६० दिवस आधी नोटीस द्यावी लागते. तुझ्या मित्राच्या पत्रातल्या दोन तारखांत एवढं अंतर असेल तर बहुधा त्यामुळेच.

समज, पत्र ३ मार्चला हातात पडलं. लॅपटॉप त्याच संध्याकाळी बंद, म्हणजे लास्ट वर्किंग डे ३ मार्च. पुढे लिहिलंय की २ मेपर्यंत ‘नॉन-वर्किंग नोटीस पिरियड’, पगार नेहमीच्या तारखांना, टर्मिनेशन डेट २ मे. काम शून्य, पण तू पगारपत्रकावर आहेस. ६० दिवस ३ मेला सुरू होतात आणि १ जुलैला संपतात.

आता तेवढेच पैसे, पण शब्द वेगळे: ‘पे इन ल्यू ऑफ नोटीस’, टर्मिनेशन डेट ३ मार्च. म्हणजे नोटिशीऐवजी रक्कम एकदम हातात आणि नोकरी त्याच दिवशी संपली. दिवस ४ मार्चपासून मोजायचे, मुदत २ मेला संपली. बँकेत सारखेच डॉलर, पण हातातले दोन महिने गेले. म्हणून एचआरशी बोलताना रकमेवर घासाघीस करण्याआधी मी पगारपत्रकावर जास्त दिवस ठेवायला सांगेन. सेव्हरन्स थोडा कमी करून का होईना, काही कंपन्या ऐकतात.

तरी पहिल्या प्रकारातही निर्धास्त राहू नकोस. इमिग्रेशन खातं म्हणतं की नोकरी संपल्याचा दिवस ‘सहसा’ ज्या शेवटच्या दिवसाचा पगार मिळाला त्या दिवसावरून ठरतो. हा ‘सहसा’ वकिलांना टोचतो. सावध वकील प्रत्यक्ष काम थांबल्यापासूनच मोजतात, आणि नवी कंपनी मिळाली तर तिचा अर्ज त्या हिशेबात बसवतात. शिवाय आय-९४, म्हणजे अमेरिकेत कधीपर्यंत राहता येईल त्याची सरकारी नोंद, आधी संपत असेल तर मुदतही त्याच दिवशी संपते. या मुदतीत नवीन कंपनीने अर्ज दाखल केला पाहिजे, किंवा तू स्टेटस बदलायचा अर्ज टाकला पाहिजे, नाहीतर देश सोडायचा.

पुराव्याला पे-स्लिप जपून ठेव. तिच्यात ‘पे पिरियड’च्या तारखा असतात आणि रकमेपुढे ‘रेग्युलर’ की ‘सेव्हरन्स’ ते छापलेलं असतं. सेव्हरन्स सहा महिने हप्त्याहप्त्याने आला तरी त्याने व्हिसाचा एक दिवसही वाढत नाही. दर पंधरवड्याला पैसे येताहेत म्हणजे आपण अजून नोकरीत आहोत, असं वाटून लोक इथेच फसतात.

खाजगी कंपनीने सेव्हरन्स द्यावा असा केंद्रीय कायदा नाही. न्यू जर्सीत मोठ्या कपातीत नोकरीच्या दर वर्षामागे एक आठवडा द्यावाच लागतो, पण असे अपवाद थोडेच. म्हणून कंपनी पैशाच्या बदल्यात ‘रिलीज’वर सही मागते, म्हणजे पुढे दावा करणार नाही असं लिहून घेते. ती पहिल्याच दिवशी करू नये. चाळीशी ओलांडलेल्यांना विचाराला २१ दिवस, गटाने काढलं असेल तर ४५, आणि सहीनंतर मागे घ्यायला ७ दिवस कायद्यानेच मिळतात. तुला ते कायद्याने नाहीत, पण वकिलाला दाखवायला आठवडा मागता येतो. केलेल्या कामाचा पगार मात्र सहीवर अडवता येत नाही.

गंगापूर रोडच्या फ्लॅटचा हप्ता या रकमेतून भरायचा बेत असेल तर हातात येणारा आकडा धर. एकरकमी २०,००० डॉलरवर बहुतेक वेळा २२ टक्के केंद्रीय कर, म्हणजे ४,४०० आधीच कापतात. सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअरचे साधारण १,५३० वेगळे. उरले १४,०७०, त्यातून राज्याचा कर असेल तर तोही.

आणि एक, जे पत्रात बहुधा लिहिलेलं नसतं. एच-वन-बीची मुदत संपण्याआधी कंपनीने काढलं आणि तू परत निघालास, तर परतीचा वाजवी प्रवासखर्च तिनेच द्यायचा. तो तुझ्या एकट्याचा, बायकोमुलांचा नाही. एचआरला ईमेलने माग, फोनवर नको.