सेलचा डीसी रेझिस्टन्स: आकडा कसा काढायचा, किती असला तर चालतो

प्रश्न: जुन्या लॅपटॉपच्या बॅटरीतून १८६५० सेल काढलेत. छोट्या आयआर मीटरवर एक सेल ३८ मिलिओहम दाखवतो, तोच सेल चार्जरवर ७५ दाखवतो. खरं कोणाचं मानू? आणि किती असला तर सेल चांगला?

दोन्ही खरे आहेत, कारण दोन्ही यंत्रं वेगवेगळ्या गोष्टी मोजतात. आयआर मीटर साधारण १ किलोहर्ट्झचा एसी सिग्नल सोडतो. तो इतका झपाट्याने दिशा बदलतो की त्यात मुख्यतः धातूचे भाग आणि इलेक्ट्रोलाइट यांचाच अडथळा दिसतो. लिथियमचे आयन इलेक्ट्रोडमध्ये शिरताना आणि आत सरकताना जो अडथळा येतो, तो दिसायला करंट काही काळ एकाच दिशेने वाहावा लागतो. चार्जर तसाच मोजतो, म्हणून त्याचा आकडा डीसीचा. सेल म्हातारा होतो तेव्हा बहुतेक वेळा हाच भाग वाढतो. म्हणून मी सेल निवडताना डीसी आकडा धरतो.

तो काढायची पद्धत सोपी आहे. सेल निम्मा चार्ज करा, तासभर खोलीच्या तापमानाला ठेवा. तुमचा सेल २२०० एमएएचचा असेल तर आधी ०.४४ अँपिअरने १० सेकंद डिस्चार्ज करा आणि शेवटचं व्होल्टेज टिपा. मग न थांबता करंट २.२ अँपिअर करा आणि १ सेकंदाने पुन्हा टिपा. समजा ३.६७२ चे ३.५४० झाले. फरक ०.१३२ व्होल्ट, करंटमधला फरक १.७६ अँपिअर. भागाकार ०.०७५ ओहम, म्हणजे ७५ मिलिओहम.

सगळ्यात जास्त घोळ जोडणीत होतो. करंटच्या वायरींवरूनच व्होल्टेज मोजलं तर वायर आणि होल्डरच्या स्प्रिंगचा अडथळाही हिशेबात येतो, आणि तो सहज सेलच्या अडथळ्याइतका असू शकतो. व्होल्टेजच्या दोन वायरी वेगळ्या, थेट सेलच्या टोकांना लावा. होल्डरमधला सेल फिरवून परत मोजल्यावर आकडा १५-२० ने हलला, तर तुम्ही सेल नाही, संपर्क मोजताय.

लॅपटॉपच्या २२००-२६०० एमएएचच्या सेलला या पद्धतीने ६० ते ९० आले तर मी तो चांगला म्हणतो. शंभरच्या वर गेलेला टॉर्चसारख्या हलक्या कामाला ठेवतो, दीडशेच्या पुढचा पॅकमध्ये घालत नाही. ड्रिल मशीनच्या सेलला मात्र हा नियम लावू नका. ते नवे असताना २०-३० च्या आसपास असतात, त्यामुळे त्यांचे ६० म्हणजे सेल थकलेला. डेटाशीटमधला आकडा बऱ्याचदा एसीचा असतो, त्याच्याशी डीसी ताडून पाहू नका.

थंडीत आणि सेल जवळजवळ रिकामा असताना आकडा वाढतो. मोठ्या करंटचा पल्स एका सेकंदापेक्षा लांबवला तरी वाढतो. म्हणून एका पॅकचे सगळे सेल एकाच दिवशी, त्याच चार्जवर, तेवढ्याच सेकंदांचा पल्स देऊन मोजा. आणि आकडा कितीही छान आला तरी पूर्ण चार्ज करून दोन-तीन आठवडे ठेवा. नुसता ठेवला तरी आतल्या आत चार्ज गमावणारा सेल या चाचणीत सापडत नाही, तो व्होल्टेज उतरल्यावरच कळतो.