ऑडिटच्या तोंडावर बिलावर मागची तारीख टाकायला सांगितली तर

प्रश्न: बुटीबोरीला डिस्पॅच मॅनेजर आहे. साहेब केबिनमध्ये बोलावून हळूच म्हणाले, "एप्रिलमधली ती दोन बिलं मार्चमध्ये घे." काय करू?

उत्तर: करू नका. पण तिथल्या तिथे वादही घालू नका. फक्त विचारा, "साहेब, मार्चचा आधार कोणता लावू?"

कारण हे लपत नाही. मार्चअखेरची आणि एप्रिलच्या सुरुवातीची बिलं ऑडिटर हमखास तपासतात. बिलावर 31 मार्च, आणि गेटच्या रजिस्टरमध्ये गाडी 3 एप्रिलला बाहेर पडलेली. बिल्टी अन् ई-वे बिलही 3 तारखेचंच. शिवाय 1 एप्रिल 2023 पासून कंपन्यांच्या अकाउंटिंग सॉफ्टवेअरमध्ये बदलांची नोंद ठेवणं बंधनकारक आहे. नोंद कोणत्या लॉगिनवरून कधी बदलली, ते दिसतं. तिथे नाव तुमचं असेल, साहेबांचं नाही. म्हणून पासवर्ड ज्युनिअरलाही देऊ नका. त्या पोराला यात ओढणं मला सगळ्यात वाईट वाटतं.

त्याच संध्याकाळी साधा मेल टाका: "आज बोललो त्याप्रमाणे दोन्ही बिलं तपासली. माल 3 एप्रिलला गेला, त्यामुळे विक्री एप्रिलमध्येच ठेवली आहे. 31 मार्चला तो तयार मालाच्या साठ्यात दाखवला आहे." आरोप एकही नको. बहुतेक वेळा विषय इथेच थांबतो, कारण यावर "तरी बदल" असं लेखी कुणी देत नाही.

तरीही दबाव आला, तर कंपनीच्या ऑडिट कमिटीकडे किंवा तक्रार यंत्रणेकडे लेखी जा. ऑडिटरने थेट विचारलं तर खरं तेच सांगा.