हेजेमनीला 'वर्चस्व' म्हणायचं का?

"मीडिया लोकांची संमती कशी तयार करतो, यावर पॉलिटिकल सोशियॉलॉजीचा निबंध लिहायचाय. हेजेमनीला मराठीत वर्चस्व लिहिलं तर चालेल का सर?"

नाही चालणार. बेळगावात कुठल्याही भाषणात बघा, हेजेमनी म्हणजे दादागिरी, कान पिकलेत ऐकून. वर्चस्व लिहिलं की वाचणाऱ्याला काठीच दिसते, आणि काठी असेल तिथं हेजेमनी नाही, ती बळजबरी. इटलीचा मार्क्सवादी विचारवंत ग्राम्शी, त्यानं तुरुंगातल्या वह्यांत (१९२९ ते १९३५) मुद्दा मांडला तो काठीशिवाय काम कसं भागतं याचा.

'धुरीणत्व' लिहा. कोशवाले याला जड म्हणून नाक मुरडतात, पण त्यांनी बैलगाडी जवळून बघितलेली नसावी. धुर् म्हणजे जू, धुरीण म्हणजे ते ओढायला लायक, त्यावरून पुढारी. आणि आमच्याकडं ऊसाच्या गाडीचा मुरलेला बैल बघा, गडी जू उचलतो आणि बैल आपणहून मान खाली घालतोय, चाबूक खांद्यावरच राहतो. ती मान म्हणजे संमती! ग्रीक हेगेमोन म्हणजेही वाट दाखवणारा, मारणारा नव्हे. शिवाय ग्राम्शी तुरिनला भाषाशास्त्र शिकलेला, त्याच्या गुरूचं म्हणणं भाषा पसरते ती प्रतिष्ठेनं, नुसत्या जबरदस्तीनं नाही. ही कल्पना तिथूनच उगवली असं माझं ठाम मत, कुणाला पटो न पटो.

आता मीडिया. हर्मन आणि चॉम्स्की या अमेरिकन अभ्यासकांचं १९८८ चं पुस्तक (संमती 'तयार करणं' हा शब्दप्रयोग मुळात पत्रकार लिपमनचा, १९२२ चा) सांगतं की मालकी, जाहिरात, अधिकृत सूत्रं अशा गाळण्यांतून बातमी जाते. ते वरून खाली बघतात, ग्राम्शी खालून. निबंधात दोन्ही एकच समजू नका, इथंच मार्क जातात.

आपलंच बघा की. १ नोव्हेंबरला कन्नड पेपर राज्योत्सव छापतो, मराठी पेपर काळा दिन. भांडण कडक, पण दोघं एक गोष्ट न बोलता मानतात, घराची भाषा एकच असते. आमच्या गल्लीतली काकू भाजीवालीशी कन्नडात घासाघीस करते, नातवाला मराठीत रागावते. तिचं काय छापणार? जनगणनेत मातृभाषेला एकच उत्तर, आणि बातमी येते ती अधिकाऱ्यांकडून नाहीतर पुढाऱ्यांकडून, दोन्ही भाषांच्या घराचा कुणी प्रवक्ता नाही. म्हणून दुसरी बाजूही तीच गोष्ट मानून भांडतेय का, हे आधी तपासा. मानत असेल तर धुरीणत्व. पोलिसांनी मोर्चा अडवला तर ते दुसरंच प्रकरण, त्याला हा शब्द लावू नका.

आणि धुरकरी, धुरंधर, धुरा सांभाळणं, सगळी त्याच धुर् ची पोरं, एवढं निबंधात घाला. मास्तर कापतील बहुतेक.