दोन नकार मिळून होकार होतो, पण नेहमी नाही

प्रश्न: "उणे गुणिले उणे अधिक होतं. मग 'कोणीच काहीच बोललं नाही' याचा अर्थ उलटा का होत नाही? आमच्या मालवणीत तर सर्रास असंच बोलतात."

कारण त्या वाक्यात नकार एकच आहे. 'कोणी' आणि 'काही' स्वतः नकारार्थी नाहीत. 'कोणी आलं का?' हे विचारता येतंच. 'च' लागला की त्यांना सोबत नकार लागतो, एवढंच. 'कोण आलं?' याला नुसतं 'कोणीच' हे उत्तर अर्धवट वाटतं, 'कोणीच नाही' म्हणावं लागतं. मालवणीत 'नाय' तेच काम करतो.

शेजारी गोव्यात जी पोर्तुगीज होती तिथे गोष्ट वेगळी. 'कोण आलं?' याला नुसतं 'निंगेंय' म्हटलं तरी 'कोणी नाही' असा पुरा अर्थ होतो, म्हणजे शब्दातच नकार आहे. तरीही तो क्रियापदानंतर आला की आधी 'नाऊं' हा 'नाही' लावावाच लागतो आणि अर्थ 'कोणी आलं नाही' एवढाच राहतो. याला नकार-सुसंगती म्हणा. 'मोठ्या होड्या आल्या' यात अनेकवचन तीनदा दिसतं, म्हणून होड्या तिप्पट होत नाहीत, तसंच हे.

खरा दुहेरी नकार मराठीतही आहे, आणि तो अर्थ फिरवतोच. 'तो येणार नाही असं नाही': इथे दुसरा 'नाही' पहिल्या पूर्ण वाक्याला नाकारतो, म्हणजे येण्याची शक्यता उरते. 'आल्याशिवाय राहणार नाही' म्हणजे नक्की येणार.

हे कळत नसलं की जेट्टीवर फलक लागतो: 'टोकन न घेतल्याशिवाय होडी लावू नये.' यावर माझा जुना वाद आहे. समोरचे म्हणायचे, 'कोणीच नाही' चालतं तर हेही चालेल. नाही चालत! 'शिवाय'मध्ये नकार आधीच आहे. 'टोकन घेतल्याशिवाय लावू नये' यात टोकन नाही तर परवानगी नाही. त्यात 'न' घातला की अट उलटते, आणि अक्षरशः वाचलं तर ज्याने टोकन घेतलं त्यालाच मनाई होते. होडीवाले संदर्भावरून बरोबर अर्थ लावतात, पण फलक संदर्भावर सोडू नये. 'न घेता' लिहा किंवा 'घेतल्याशिवाय' लिहा, दोन्ही एकत्र नको. सगळ्यात सोपं: 'टोकन घेऊनच होडी लावावी.'

शंका आली तर एक नकार काढून वाचा. 'येणार नाही असं नाही'मधला काढला तर अर्थ पालटतो, म्हणजे तिथे दोन वेगळे नकार होते. 'कोणीच आलं नाही'मधला 'नाही' काढला तर वाक्यच मोडतं.

संस्कृतातलं 'द्वौ नञौ प्रकृतार्थं गमयतः', म्हणजे दोन नकार मूळ अर्थच सांगतात, हे वचन मला कोणी ऐकवू नये. ते दोन खऱ्या नकारांबद्दल आहे. हां, प्रमाण इंग्रजीत मात्र दोन नकार एकमेकांना खोडतात असं शिकवतात, पण त्याच इंग्रजीच्या कित्येक बोलींत ते खोडत नाहीत, आणि चौदाव्या शतकातला इंग्रज कवी चॉसरही एका वाक्यात अनेक नकार घालून नकारच सांगतो.