उतारा झाकून ठेव आणि मग लिही

प्रिय बाळ,

तुझ्या आईने वहीचे फोटो पाठवले. खाली तू लिहिलंयस, "बाई, सारांशाचे शब्द उताऱ्याच्या बरोबर एक तृतीयांश भरले तरी मार्क का कापले?" त्यावर रात्रभर विचार करत होते, कारण हाच प्रश्न वर्षानुवर्षं मुलं विचारतात आणि त्यांना उत्तर मिळतं "अजून प्रॅक्टिस कर". कसली प्रॅक्टिस? चुकीच्या पद्धतीचीच ना!

तू पेन्सिलने वाक्यं खोडत गेलीस आणि उरलेली उतरवून काढलीस. तो सारांश नाही गं. दोनदा नीट वाच, उतारा झाकून ठेव, आणि मग लिही. मी हे वर्गात इतक्या वेळा सांगायचे की मुलं कंटाळायची, तरी सांगायचं सोडलं नाही.

तुला करूनच दाखवते. हा उतारा मी आत्ता लिहिलाय, ६० शब्दांचा:

"आमच्या गावात पूर्वी प्रत्येक आळीत एक विहीर होती. उन्हाळ्यात पाणी खोल गेलं की सगळी आळी मिळून गाळ काढायची, आणि त्या निमित्ताने रुसलेले शेजारीही एकत्र येत. मग घराघरात नळ आले, पाणी विनासायास मिळू लागलं. हळूहळू विहिरींकडे कोणी फिरकेना; काही बुजल्या, काहींत कचरा पडला. नळाला पाणी येईनासं झालं तेव्हा लोकांना विहिरींची आठवण झाली, पण तोवर गाळ काढायला एकत्र येण्याची सवयच मोडली होती."

तुझ्या पद्धतीने केलं तर असं होईल: "आमच्या गावात पूर्वी प्रत्येक आळीत एक विहीर होती. उन्हाळ्यात सगळी आळी गाळ काढायची. मग घराघरात नळ आले. काही विहिरी बुजल्या." मोजून बघ, बरोबर २० शब्द. आणि ज्या गोष्टीसाठी उतारा लिहिलाय तीच गायब! पहिल्या वाक्यांवर शब्द संपले, आणि मुद्दा शेवटी होता. तुझ्या वहीतल्या तीनही सारांशांत हेच झालंय, शेवटचा परिच्छेद एका ओळीत उरकलास.

आता उतारा झाकून स्वतःला विचार, हा माणूस काय सांगत होता? विहिरीचं नाही, एकत्र येण्याचं. मग: "विहिरींच्या देखभालीसाठी आळी एकत्र येई. नळ आल्यावर विहिरी दुर्लक्षित झाल्या आणि पाणीटंचाईत त्या आठवल्या, तेव्हा एकत्र येण्याची सवयच उरली नव्हती." हेही २० शब्दच. रुसलेले शेजारी, कचरा, "आमच्या गावात" सगळं आपोआप गळलं, मी काही खोडलं नाही. झाकल्यावर डोक्यात जे राहतं त्यात तपशील नसतोच फारसा, मुद्दा असतो.

दहावीच्या मराठीच्या पेपरात अजून एक खड्डा आहे. सारांश त्याच अपठित उताऱ्याचा करायचा असतो ज्यावर गद्य विभागात तू आधी कृती सोडवलेल्या असतेस. मुलांना वाटतं चला, काम अर्धं झालं. पण आकृतिबंधात विचारतात ते बहुतेक तपशील असतात, चार वस्तू, दोन कारणं, आणि तेच डोक्यात बसून सारांशात उतरतात. म्हणून सारांशाच्या आधी उतारा कृती विसरून परत एकदा वाच. आणि झाक.

शब्द मोजत बसू नको, वेळ जातो. छापील उताऱ्याच्या तीन ओळींतले शब्द मोज, सरासरी काढ, ओळींनी गुण, तीनने भाग. तुझ्या अक्षरात एका ओळीत किती शब्द बसतात हे घरीच बघून ठेव, म्हणजे किती ओळी लिहायच्या ते लगेच कळतं. दोन-चार शब्द इकडेतिकडे झाले तर घाबरू नको.

लिहून झाल्यावर मात्र उतारा उघड, फक्त तपासायला. नाव चुकलंय का, कारण आणि परिणाम उलटे झालेत का, स्वतःचं मत घुसलंय का. उतारा विज्ञानाचा किंवा इतिहासाचा असेल तर झाकायच्या आधी नावं आणि साल कोपऱ्यात टिपून ठेव, तिथे स्मरणावर भरवसा नको. एवढीच सूट, बाकी झाकूनच!

माझ्याबरोबरच्या काही शिक्षकांना हे पटायचं नाही, परीक्षेत एवढा वेळ कुठे असतो म्हणायचे, मी उगाच मुलांना अवघड करून ठेवते म्हणायचे. मला अजूनही मीच बरोबर वाटते. खोडत खोडत लिहिणाऱ्या मुलाचाच वेळ जास्त जातो, कारण प्रत्येक वाक्यापाशी थांबून ठेवू की काढू करत बसावं लागतं. वाईट एवढंच वाटतं की तेव्हा मी भांडले नाही, आपल्या वर्गापुरतं शिकवत राहिले, आणि शेजारच्या वर्गातली मुलं खोडतच राहिली.

पुढच्या रविवारपर्यंत एक उतारा करून पाठव. मूळ उतारा पाठवू नको, नुसता सारांश पाठव. तो वाचून मला विषय कळला नाही तर परत करायचा.

तुझ्या बाई